बस तासभर उशिरा येईल

रंजनाचा आवाज फोनवर फार गोड लागे. शाळेने तिला ट्रान्सपोर्ट इन्चार्ज केलं ते या आवाजावरच, असं स्टाफरूममध्ये बोलायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. नवरा पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत हैदराबादला आला, मागोमाग ही आली. घरात बसून कंटाळली आणि नारायणगुड्याच्या या शाळेत बसगाड्यांचा संसार गळ्यात बांधून घेतला. क्लच गेला, टायर बसला, रस्त्यात मिरवणूक निघाली, की पालकांना फोन करायचे आणि गोड आवाजात माफी मागायची. इतक्या वेळा मागितली होती की मागताना तिला आता काही वाटतही नसे.

त्या दुपारी दोन संकटं एकदम आली. दिलसुखनगरच्या बसचा क्लच गेला, आणि मलकपेटच्या रेल्वेपुलाखाली पाइपलाइन फुटून तळं साचलं. मेकॅनिक म्हणाला, तासभर लागेल. रंजनाने तेवढ्यात नवा रस्ता ठरवला. बस कोठी, चादरघाटकडे जाणारच नाही. तिकडची सगळी मुलं काचीगुडा स्टेशनसमोर एकदम उतरतील, मग बस अंबरपेटवरून मूसारामबागचा पूल ओलांडून मोठ्या रस्त्याला लागेल. पुढे दिलसुखनगरात वाहनं तुंबलेली, म्हणून तिथली मुलं पुलापलीकडच्या पेट्रोल पंपापाशीच उतरतील. स्वतःच्या हुशारीवर ती खूश झाली आणि फोन फिरवायला बसली.

"नमस्कार, शाळेच्या ट्रान्सपोर्टमधून बोलतेय. आज बस तासभर उशिरा येईल. मलकपेटचा रस्ता बंद आहे, म्हणून तुमचा नेहमीचा थांबा आज नाही. मूसारामबागच्या पेट्रोल पंपाशी या. गैरसोयीबद्दल शाळा मनापासून दिलगीर आहे."

मराठी घरी मराठीतून, बाकीच्यांना हिंदीतून, पण मजकूर तोच; काचीगुड्याला उतरणाऱ्यांना जागा तेवढी स्टेशनसमोरची. बसमधल्या आयाला, गंगूला, तिने बजावलं, "काचीगुड्याला गर्दी होईल. सगळ्यांचे आईबाप येईपर्यंत तू तिथंच थांब. बस पुढे जाऊ दे." दिलसुखनगरची पोरं तीनच उरतात, त्यांना काय होतंय!

बस गेली. राहिलेली रजिस्टरं भरून तासाभराने रंजनाने चहा मागवला. दिवस थंडीचे, उन्हं लवकर कलली होती. कप रिकामा होतो न होतो तोच फोन वाजला.

"मॅडम, मी सत्यवती बोलायले, स्नेहाची आई. पहिलीतली स्नेहा. पंपापासल्या फोनच्या बूथवरून बोलायले. बस आली नाही का हो अजून?"

"येईल हो ताई. तासभर उशीर सांगितलाय ना?"

"हौ, म्हणूनच मी आत्ता आले. पण इथला पानवाला म्हणतो, पिवळी बस केव्हाच गेली."

"दुसऱ्या शाळेची असेल," रंजना म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं होतं. आणि तेवढ्यात खिडकीतून तिला फाटकातून बस आत येताना दिसली. रिकामी.

तिने मनातल्या मनात हिशेब केला. बस शाळेतून तासभर उशिरा निघाली, हे खरं. पण मधले सगळे थांबे गळले होते. कोठीचा चौक नाही, चादरघाटचं रेंगाळणं नाही. रोज दिलसुखनगरला सगळ्यांत शेवटी पोचणारी बस आज काचीगुड्याहून सरळ मूसारामबागला गेली होती. पुरा तासाचा उशीर झाला होता तो पहिल्या थांब्याला. शेवटच्याला जेमतेम अर्धा तास. आणि हिने सगळ्यांना सरसकट एकच वेळ सांगितली होती. आपल्या अकलेला काय झालं होतं, हे तिला कळेना.

"ताई, तुम्ही तिथंच थांबा," एवढंच ती म्हणाली आणि अंगणात धावली.

"बहुत लेडीज लोगां खडे थे मेडम," ड्रायव्हर यादगिरी म्हणाला. "सिटीबस का स्टॉप भी वहींच है ना. मैं समझा, उनमेंच बच्ची की अम्मा होंगी." मोठी दोन मुलं आपापली घरी गेली होती. आया बसमध्ये असती तर आई दिसेपर्यंत तिने पोरीचा हात सोडला नसता. आणि आयाला खाली उतरवलं होतं रंजनाने.

रिक्षा अंबरपेटवरून निघाली तेव्हा दिवे लागले होते. रंजनाला बाहेरचं काही दिसत नव्हतं, ट्रकचे आवाज तेवढे ऐकू येत होते. विजयवाड्याचा हमरस्ता तो, तिथे मोठी माणसंसुद्धा जीव मुठीत धरून पलीकडे जातात. सहा वर्षांची पोर. कुणी चॉकलेट दाखवलं असेल, कुणी हात धरला असेल. तिने डोळे मिटले, तर ते सगळं आणखी स्पष्ट दिसायला लागलं. देवाचं नाव घ्यायला गेली तर तेही सुचेना.

पंप आला. बायांचा घोळका जमला होता, मधे एक बाई पदर तोंडाशी धरून उभी होती. "यहाँ रोकूँ?" रिक्षावाल्याने विचारलं. रंजना "नको, आगे चलो," म्हणाली. पुढे जाऊन शोधायला हवं, अशी तिने मनाची समजूत घातली. खरं म्हणजे त्या बाईसमोर उभं राहायची तिची हिंमत झाली नाही.

मग तिला आठवलं की दर जूनमध्ये वर्गावर्गांत जाऊन ती स्वतःच पोरांकडून घोकून घेते, आपला थांबा सोडून कुठेही थांबायचं नाही, अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही.

नेहमीचा थांबा बराच पुढे होता, रस्त्याच्या पलीकडे, कोचिंग क्लासच्या पाटीखाली. तिथे दप्तर पाठीला, बाटली गळ्यात, स्नेहा उभी होती.

रिक्षा वळवून घेऊन रंजना तिच्यापाशी उतरली. "स्नेहा! रस्ता कसा ओलांडलास गं?"

"पळत," पोरगी म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकली. जूनमध्ये एकदा वर्गात येऊन गेलेली बाई तिच्या लक्षात नव्हती.

"चल, आई तिकडं थांबलीये. मी नेते तुला."

"मी नाही येणार. आई इथंच येती." तिने खांब घट्ट धरला. रंजनाने हात पुढे केला तशी ती किंचाळलीच. दुकानातली माणसं बाहेर येऊन बघू लागली. आता ओढून न्यावं तर पोर हात सोडवून पुन्हा रस्त्यावर पळेल. सोडून जावं तर कसं जावं? आणि तिकडे ती बाई तोंडाशी पदर धरून उभी. रंजनाने रिक्षावाल्याच्या हातापाया पडून त्याला पंपावर पाठवलं, "सत्यवती कौन है पूछो, बोलो बच्ची मिल गई."

तो जाऊन परत येईपर्यंत दोघी हातभर अंतरावर उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येक ट्रकसरशी रंजना पोरीच्या आणि रस्त्याच्या मधे सरकत होती.

रिक्षा थांबायच्या आधीच सत्यवतीने उडी घेतली. लेकीला तिने आधी एक धपाटा घातला, मग कुशीत दाबलं, मग दोघी रडल्या. जरा वेळाने तिचं लक्ष शेजारच्या या अनोळखी बाईकडे गेलं. तिने रंजनाचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

"देवासारख्या उभ्या राहिलात हो माझ्या लेकरापाशी. त्या शाळेवाल्या बाईनं मारलंच होतं आज आम्हाला. तुम्ही कोण, कुठल्या?"

गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. रिक्षात बसून निघूनही जाता आलं असतं, आणि क्षणभर रंजनाच्या मनात ते आलंही.

"फोन मीच केला होता ताई," ती म्हणाली. "वेळ मी चुकीची सांगितली."

सत्यवती तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आवाज तिने ओळखला होता. धरलेले हात तिने हळूहळू सोडले, लेकीला कडेवर घेतलं आणि गल्लीत चालू लागली. वळणाशी जाईपर्यंत स्नेहा आईच्या खांद्यावरून रंजनाकडे बघत होती, मग तिनेही तोंड फिरवलं.