हलती नावं

वैद्य चाळीच्या मंडळाला कुठलीही गोष्ट साधी करता येत नसे. साधं काही केलं तर ते त्यांनी केलंय हे लोकांना कळणार कसं, अशी त्यांना रास्त भीती होती.

दुर्गा वैतीला हे ठाऊक होतं, तरी तिने त्यांच्यासाठी फिल्म केली. एरवी ती लालबागच्या एका स्टुडिओत गणपतीच्या आगमनाचे व्हिडिओ कापून जोडायची. त्यातही नाव कुणाचं जायचं? स्टुडिओचं, ढोलपथकाचं, मूर्तिकाराचं. परळच्या एका माहितीपट करणाऱ्या कंपनीत ती काम मागायला गेली, तेव्हा तिथल्या गुणवंतीबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं होतं. "तोंडी काय गं, सगळेच दिग्दर्शक असतात. पडद्यावर नाव असलेलं एक काम दाखव. मग बोलू."

म्हणून ती शिवडीहून रोज गिरगावात येत होती. फणसवाडीच्या मागे असलेली वैद्य चाळ अठराशे नव्वदच्या दशकातली. प्लेगच्या साथीत चाळीतले लोक खोल्यांना कुलपं घालून पळाले आणि एक कोळीण मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना पाणी आणि पेज पोचवत राहिली, अशी एक आठवण तिथे सांगत. त्यावर दुर्गाने फिल्म केली. नाव ठेवलं 'उंदीर पडले तेव्हा'. मंडळाला ते नाव आवडलं नव्हतं. त्यांना 'गौरवशाली वैद्य चाळ' हवं होतं. पण दादरच्या लघुपट महोत्सवात फिल्म जाणार म्हटल्यावर ते नमले. महोत्सवात जाणं म्हणजे पाहुण्यांच्या पुढच्या रांगेत बसणं, एवढं त्यांना नीट समजत होतं.

महोत्सवाची अट होती की सुरुवातीची नामावली दहा सेकंदांच्या वर गेली तर फिल्म बाद. दुर्गाने हिशेब केला. फिल्मच्या नावाला दोन, उरलेल्या चार नावांना, म्हणजे मंडळाचे तीन पदाधिकारी आणि ती, दोन-दोन. काळा पडदा, पांढरी अक्षरं. प्रत्येक नाव किंचित खालून वर येत उजळायचं, आणि येताना आधी वेगात, जागेवर पोचताना हळू. जिना चढून आलेला माणूस दारात थबकतो तसं. त्यासाठी तिने दोनच खुणा केल्या होत्या: एका क्षणी नाव खाली आणि अदृश्य, थोड्या वेळाने जागेवर आणि स्पष्ट. मधला प्रवास संगणक भरतो. तो किती घाईत सुरू व्हावा आणि किती शांतपणे संपावा एवढंच आपण सांगायचं. मग नाव स्थिर उभं राहायचं. त्या उभं राहण्यासाठीच तर सगळा खटाटोप.

मंडळाच्या खोलीत कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून तिने लॅपटॉप लावला. दहा सेकंद झाले.

"झालं?" अध्यक्ष अप्पा राजाध्यक्ष म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झाले होते, पण समोरचा माणूस कर्ज मागायला आलाय असं पाहण्याची सवय निवृत्त झाली नव्हती.

"झालं, अप्पा."

"हे निवडणुकीतल्या मयत मतदारांसारखं दिसतंय. नाव आलं, उभं राहिलं, गेलं. काही दणका नको?"

"आणि सगळ्यांना सारखंच?" कार्याध्यक्ष सरोजिनीताई म्हणाल्या. त्यांनी तीस वर्षं शाळेत मुख्याध्यापिकेच्या खुर्चीजवळची खुर्ची सांभाळली होती. "अध्यक्षांचं नाव आणि हिचं नाव एकाच पद्धतीने येतंय. बघा तुम्ही."

"वेळ सारखाच द्यायला हवा," खजिनदार तुळशीदास खोत घाईघाईने म्हणाले. "ठराव आहे आपला."

ठराव होता खरा. मागे गणपतीच्या कमानीवर कुणाचं नाव किती मोठं यावरून अशी जुंपली होती की आरतीला दोन वेगवेगळे गट उभे राहिले. तेव्हापासून मंडळात सगळ्यांची अक्षरं एकाच मापाची आणि कार्यक्रमात सगळ्यांना वेळ समान. समतेचं एवढं अवघड व्रत घेतल्यावर मोठेपणा शिरायला फट शोधणं आलंच.

ती फट अप्पांना सापडली. "वेळ समान राहू दे. पण हालचाल मानाप्रमाणे पाहिजे. अध्यक्ष आहे तर त्याचं नाव लांबून फिरत फिरत यावं. मधे सोन्याची झळाळी जावी अक्षरांवरून. आणि जाताना तसंच फिरत जावं. आलो दणक्यात आणि गेलो गुपचूप, असं कसं?"

"माझं फुलांतून करा," सरोजिनीताई म्हणाल्या. "आधी पाकळ्या उडतात, मग त्या जुळून नाव होतं. माझ्या भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओत होतं. इतकं सात्त्विक वाटलं!"

"माझी अक्षरं एकेक वरून पडू दे," तुळशीदास म्हणाले. "टप टप टप. पडली की थोडी उडी मारायची, चेंडूसारखी."

दुर्गाने तिघांकडे पाहिलं. वयाची साठी, घरात नातवंडं, आणि कुणाला चेंडू व्हायचं होतं तर कुणाला पाकळी.

"अप्पा," ती म्हणाली, "दोन सेकंदच आहेत. फिरण्यात गेले की वाचायला उरत नाहीत. नाव थांबल्याशिवाय डोळ्याला धरता येत नाही."

"आमचं नाव लोकांना वाचावं लागत नाही, बाळ. ओळखतात ते."

तुळशीदास हसले. सरोजिनीताई त्यांच्यापेक्षा थोडं जास्त हसल्या.

"आणि काय गं," त्या म्हणाल्या, "तुझं नाव टाकलंच पाहिजे का? ते काढलं तर आम्हाला वेळ वाढेल की."

दुर्गाने लॅपटॉप अर्धा मिटला. गेल्या वर्षी असंच झालं होतं. चाळीच्या जिन्यांवर तिने छोटी फिल्म केली आणि शेवटी 'मंडळ निर्मित' एवढंच उरलं.

"नाव नसेल तर फिल्म माझी म्हणून दाखवता येणार नाही मला," ती म्हणाली. "मग मी ती देत नाही."

"धमकी देतेयस?" अप्पांच्या भुवया वर गेल्या.

"अहो अप्पा, अर्जात लिहिलंय ना," तुळशीदासांनी मधे तोंड घातलं, तिच्या बाजूने नव्हे, पुढच्या रांगेच्या बाजूने. "दिग्दर्शकाचं नाव पडद्यावर नसेल तर प्रवेशिका घेत नाहीत."

अप्पांनी नाक खाजवलं. "बरं. राहू दे. पण साधं ठेवा. हलवायचं वगैरे काही नाही हं. नुसतं येऊ दे."

"अगदीच नुसतं," सरोजिनीताई म्हणाल्या. "पांढऱ्यावर काळं... म्हणजे काळ्यावर पांढरं. ते आधीचं वर येणंबिणं पण काढ."

"पूर्ण दोन सेकंद नुसतं उभं ठेवू?" दुर्गाने विचारलं.

"ठेव ना," अप्पा उदारपणे म्हणाले. "वेळेत भेदभाव नाही आपल्याकडे."

ती घरी गेली आणि तिने त्यांचं म्हणणं तंतोतंत केलं. मुद्दाम काही वाईट केलं नाही. तशी गरजच नव्हती. तुळशीदासांच्या नावाने सगळ्यात जास्त छळलं. अक्षरं सुटी करायची संगणकातली आयती सोय वापरली तर त्या सोयीला मराठी कळेना. काना एकीकडे पडला, वेलांटी दुसरीकडे, आणि आधार सुटलेल्या मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ उगवलं. शेवटी तिने प्रत्येक अक्षर त्याच्या काना-मात्रेसकट वेगळ्या थरावर ठेवलं, शिरोरेषा एकमेकींना भिडवल्या, आणि एकेकाला वरून टाकलं. शेवटचं अक्षर उडी मारून बसेतो दोन सेकंद संपत आले. सरोजिनीताईंच्या पाकळ्यांना जुळायला तेवढाच वेळ लागला. अप्पा फिरत आले, चमकले आणि सरळ होताहोताच परत फिरायला लागले, कारण जाण्यालाही दणका हवा होता. स्वतःच्या नावाला तिने एकही खूण केली नाही. ते एकदम आलं, दोन सेकंद हललं नाही, एकदम गेलं.

दुसऱ्या दिवशी खोलीत त्यांनी ते दहा सेकंद पुन्हा पुन्हा पाहिले. तिघेही खूश.

"बघ! म्हणे वाचता येत नाही," अप्पा म्हणाले. "मला तर लांबून येतानाच दिसलं. शरच्चंद्र राजाध्यक्ष!"

"मलाही माझं पहिल्या पाकळीतच कळलं," सरोजिनीताई म्हणाल्या.

दुर्गाने मान डोलावली. स्वतःचं नाव माणूस अंधारातही वाचतो. त्याला फक्त आठवायचं असतं. हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. एकदा सांगून झालं होतं.

दादरच्या सभागृहात मंडळ पुढच्या रांगेत बसलं. अप्पांनी कोट घातला होता. परळच्या गुणवंतीबाईही महोत्सवाला आल्या होत्या, मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. दुर्गा त्यांच्या मागे दोन रांगा सोडून उभी. बसवत नव्हतं तिला.

पडदा काळा झाला. 'उंदीर पडले तेव्हा'. मग काहीतरी पडायला लागलं, उड्या मारल्या, गेलं. पांढरंगुलाबी काहीतरी भिरभिरलं आणि जुळलंय असं वाटेपर्यंत नाहीसं झालं. सोनेरी भोवरा आला, लखलखला, उलटा फिरत गेला. सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. "गरबा आहे का रे?" मागून आवाज आला, आणि हसू दोन-तीन रांगांत पसरलं.

आणि मग सगळं थांबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'दिग्दर्शन : दुर्गा वैती'. काहीही हलत नव्हतं. त्या धुमाळीनंतर डोळ्यांना टेकायला पहिल्यांदाच जागा मिळाली होती, आणि हसू आपोआप विरलं. दुर्गाच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने ओठ हलवत तिचं नाव वाचलं. वाचून झाल्यावरही ते तिथेच होतं.

पुढची वीस मिनिटं फिल्म चालली. टाळ्या बऱ्या वाजल्या.

बाहेर व्हरांड्यात अप्पा तापलेले होते. "प्रोजेक्टर मंद आहे यांचा. आपल्याकडे कसं लख्ख दिसत होतं! तो निवेदक मला विचारतो, आपण प्रेक्षक का? मला!"

"आवाज हवा होता," तुळशीदास म्हणाले. "नाव पडलं की धाडकन आवाज. मग लक्ष गेलं असतं."

"पाकळ्या कमी पडल्या," सरोजिनीताई म्हणाल्या. "मी म्हटलंच होतं, दुप्पट कर. हिने चिक्कूपणा केला." मग त्यांनी दुर्गाकडे मोहरा वळवला. "पुढच्या वर्षी दोनदा फिरव गं अप्पांना."

"फिरवीन," दुर्गा म्हणाली. पुढच्या वर्षी त्यांना फिरवायला ती असणार नव्हती, पण कुणी ना कुणी सापडलंच असतं. आपल्याला चक्कर येईपर्यंत फिरवून घ्यायला उत्सुक माणसांची त्या चाळीत कधी टंचाई नव्हती.

गुणवंतीबाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी मंडळाकडे पाहिलं नाही. कुणाकडे पाहायचं हे त्यांना कळलंच नव्हतं.

"दुर्गा वैती ना तू? नाव लक्षात राहिलं. त्या आधीच्या पोरखेळात बाकी कोण होतं देव जाणे, मला तीन माणसं होती का चार तेही सांगता येणार नाही. हे असं स्थिर ठेवायची अक्कल चांगली आहे. तुझी?"

अप्पा चार पावलांवर होते आणि त्यांचे कान चांगले होते. दुर्गाला खोटं बोलायचं कारण नव्हतं.

"नाही बाई," ती म्हणाली. "ती मंडळाची. मी फक्त त्यांनी सांगितलं तसं केलं."

गुणवंतीबाईंनी एकदा अप्पांच्या कोटाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला, तेवढाच.

"सोमवारी ये परळला," त्या म्हणाल्या. "आणि जेवून ये, आमच्याकडे फक्त चहा मिळतो."