काटा उलटा गेला तर

आरमोरीच्या पुढच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलच्या प्रॅक्टिकल परीक्षेला दिव्यानी दुसऱ्यांदा बसली होती. मागच्या वेळी ती याच विषयात नापास झाली होती. आताही झाली तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही आणि वसतिगृहाची खोलीही नाही. धानोरा तालुक्यातल्या तिच्या गावी वडील तलावात मासे धरत. निघताना ते एवढंच म्हणाले होते, "नाई झालं तं ये. जाळी वाट पाहून राह्यली." त्यांनी ते हसून म्हटलं होतं. 

चिठ्ठीवर मंडल, म्हणजे सर्किट, आलं होतं: बारा व्होल्टची एक बॅटरी, सहा व्होल्टची दुसरी, दोघींची अधिक टोकं एकमेकींकडे तोंड करून, आणि मध्ये दोन रेझिस्टन्स, एक दहा ओहमचा, एक वीसचा. प्रत्येक घटकाची शक्ती काढायची आणि सगळ्यांची बेरीज शून्य येते हे दाखवायचं.

तिने मंडल जोडलं. अ‍ॅमीटरने ०.२ अँपिअर दाखवला. मग व्होल्टमीटर घेऊन ती एकेका घटकावरून फिरली: १२.४, २, ६.४, ४. पहिल्याच बॅटरीवर काटा उलटा गेला आणि खुंटीवर टकटकला. तिने झटकन तारा बदलल्या. काटा सरळ आला. तिने १२.४ लिहिलं.

ही या प्रयोगशाळेची रीत होती. गुणवंतराव इथे सत्तावीस वर्षं सहायक होते आणि भिंतीवर त्यांच्याच हाताने रंगवलेली पाटी होती: काटा उलटा गेल्यास तारा बदला. उलट्या बाजूला आपटून काटा वाकतो, आणि वाकलेला काटा चिमट्याने सरळ करायचं काम शेवटी त्यांच्याकडे येई.

शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. तिने चारही गुणाकार केले. २.४८, ०.४, १.२८, ०.८. बेरीज ४.९६ आली.

शून्य नाही.

मग तिला जुन्या जर्नलांतला नियम आठवला, पिढ्यान् पिढ्या उतरवून घेतलेला: बॅटरी असेल तिथे उणे. तिने दोन्ही बॅटऱ्यांपुढे उणे लावलं. आता बेरीज उणे २.५६ आली.

गुणवंतराव मीटर उचलायच्या निमित्ताने जवळ आले. "काऊन घामाघूम झाली वं?"

"बेरीज येऊन नाई राह्यली, भाऊ."

"सहाच्या बॅटरीचं उणे काढून पाय ना. शून्य येते का?" ते पुटपुटले. "चिन्हाले कोण पायते? बेरीज पायते."

तिने मनात केलं. उणे २.४८, मग ०.४, १.२८ आणि ०.८. शून्य. हिशेब बसला होता, पण का बसला ते तिला माहीत नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं.

"भाऊ, काटा एकाच बॅटरीवर उलटा गेल्ता. सहावालीवर सरळच गेल्ता."

"मंग?"

 तिने मंडलाच्या आकृतीवर प्रवाहाचा बाण काढला. मोठी बॅटरी जोर करते, म्हणून बाण तिच्या अधिक टोकातून निघाला, दहाच्या रेझिस्टन्समध्ये शिरला, तिथून छोट्या बॅटरीच्या अधिक टोकात शिरला, मग वीसमध्ये, आणि शेवटी मोठ्या बॅटरीच्या उणे टोकात. मग प्रत्येक घटकापाशी जिथे बाण शिरतो तिथे तिने 'लाल' लिहिलं. मापताना व्होल्टमीटरची लाल, म्हणजे अधिक, तार चारही ठिकाणी तिथेच लागली होती. तीन ठिकाणी काटा सरळ गेला होता. फक्त मोठ्या बॅटरीवर उलटा. तिने तारा बदलल्या, काटा वाचला, आणि उणे चिन्ह लिहायचं राहून गेलं.

छोट्या बॅटरीपुढचं उणे तिने खोडलं. मोठीच्या पुढचं ठेवलं.

बाह्य परीक्षक रंजीता मॅडम चंद्रपूरहून आल्या होत्या. त्यांनी वही घेतली, खोडाखोड पाहिली आणि चष्मा वर केला.

"आधी सगळं अधिक. मग दोन्ही बॅटऱ्या उणे. मग एक खोडलं. बेरीज जुळेपर्यंत चिन्हं बदलत बसलीस?"

"नाही, मॅडम."

"सकाळपासून सहा जणांनी हेच केलं. तेही नाहीच म्हणाले." मॅडमनी लाल पेनचं टोपण काढलं. "बॅटरी म्हणजे स्रोत. स्रोताची शक्ती उणे येते. तुझी एक बॅटरी अधिक कशी?"

दिव्यानीने आकृतीतल्या बाणावर बोट ठेवलं. "बॅटरी आहे म्हणून उणे येत नाही, मॅडम. प्रवाह अधिक टोकातून शिरला तर तो घटक शक्ती घेते, असं आपण ठरवलं आहे. रेझिस्टन्समध्ये नेहमी तसंच होते. मोठ्या बॅटरीत प्रवाह उणे टोकातून शिरते नि अधिकातून बाहेर येते. म्हणून तिथं उणे. म्हणजे ती देऊन राह्यली." बोलीत शिरल्याचं कळून ती थबकली. मॅडमनी हाताने 'चालू दे' केलं. "सहावालीत अधिकातूनच शिरून राह्यला. ती घेऊन राह्यली. चार्ज होऊन राह्यली."

"हे पाठही करता येतं."

"मंग मोजून दाखवतो, मॅडम. काटा कुठी उलटा जाईन ते आधीच सांगतो."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. वेळ संपायला सहा मिनिटं होती.

तेवढ्यात गुणवंतराव पुढे आले. "मॅडम, चूक पोरायची नाई. तारा बदला म्हणून मीच सांगतो. अन् आता हिले उणे काढ म्हणलं तेही मीच." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "काटे वाकतेत म्हणून पाटी लावली होती, बाकी काई नाई."

"तुम्ही उत्तर सांगितलंत?"

"उत्तर सांगतलं. त्याचं कारण मले तरी कुठी माहीत होतं?"

मॅडमनी लाल पेनला टोपण लावलं. मग दिव्यानीला म्हणाल्या, "सांग."

"लाल तार बाण शिरते तिथं. दहा, सरळ. सहाची बॅटरी, सरळ. वीस, सरळ. बाराची, उलटा."

तिने मोजलं. सरळ. सरळ. सरळ. बाराच्या बॅटरीवर काटा खुंटीवर टकटकला आणि गुणवंतरावांचा हात आपसूक तारांकडे गेला. दिव्यानीने आधीच तारा बदलल्या होत्या. तिने मोठ्याने म्हटलं, "उणे बारा पूर्णांक चार."

"आता सहाची बॅटरी फिरवून जोडली तर?" मॅडमनी विचारलं. "मोजू नकोस. सांग फक्त."

तिने बोट हवेत फिरवलं, बाणाच्या वाटेने. "मंग दोघी मिळून देतीन. दोन्हीवर काटा उलटा. दोन्ही उणे. प्रवाहही वाढेल."

मॅडमनी गुण लिहिले. सही केली. वही परत देताना म्हणाल्या, "खोडलंस ते नीट एका रेघेने खोड. चूक दिसायला हवी." वहीवर ठेवलेल्या गुणपत्रकाची पालथी बाजू वर होती. दिव्यानीने ते उलटवलं. पंचवीसपैकी एकोणीस. दहाला पास होतं.

बाहेर येऊन तिने घरी फोन लावला. वडील तलावावर होते. आवाज तुटत होता. "तुयासाठी जाळी काढू का राहू देऊ?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या, बाबा. मी नाई येऊन राह्यली."

पलीकडून फक्त पाण्याचा आवाज आला, आणि मग त्यांचं हसू.

ती बॅग घ्यायला परत आली तेव्हा गुणवंतराव स्टुलावर उभे होते. एका हातात रंगाचा डबा. पाटीवरच्या जुन्या ओळीखाली ते नवी ओळ रंगवत होते आणि ती तिरकी जात होती.

"ही पाय बरं," ते वरूनच म्हणाले. "बरोबर हाय का?"

'आणि आकड्याआधी उणे लिहा.'

"हाय, भाऊ," ती म्हणाली, आणि ते स्टुलावरून उतरेपर्यंत त्यांच्या हातातला रंगाचा डबा घेऊन उभी राहिली.