मागच्या चाकाचा नंबर

दवाखान्याच्या चिठ्ठीवर नर्सने जुन्या टायरचा नंबर अगदी औषधाच्या डोसासारखा जपून उतरवला होता: १४०/७०-१७, ६६ एस.

"अगदी हाच द्या," चिठ्ठी पुढे करत ती म्हणाली.

टायरवाल्या काकांनी चिठ्ठी खिशात टाकली आणि तिच्या मोटारसायकलपाशी उकिडवे बसले. समोरच्याचं न ऐकण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी चेनकव्हरवरचं मळकं स्टिकर फडक्याने पुसलं. त्यावर होतं १२०/८०-१७, ६१ पी.

"जुन्या टायरवर काय आहे ते नका बघू, सिस्टर. गाडी काय मागते ते बघा. एकशे चाळीस ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. सत्तर म्हणजे रुंदीच्या सत्तर टक्के उंची, अठ्ठ्याण्णव. कंपनीच्या टायरची उंची शहाण्णव. उंचीत फरक नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण रुंदी वीसने जास्त, आणि रिम अरुंद. हे बघा, चेनकव्हर आतून घासलंय. हा उपद्व्याप कुणाचा?"

"नवऱ्याचा."

तो परदेशी जाण्याआधी त्यानेच रुबाबासाठी हा टायर टाकला होता. एस म्हणजे ताशी एकशे ऐंशीपर्यंत चालणारा, असं चार लोकांत सांगायचा. गाडी शंभरालाच धापा टाकायची, आणि मागे बसलेली ती त्याच्या पाठीवर डोकं टेकून हसायची. त्याला चार वर्षं झाली. येतो येतो म्हणत त्याचं येणं दरवर्षी पुढे ढकललं जायचं. तो येईल तेव्हा, तो सोडून गेला तशीच गाडी त्याला दिसावी, एवढाच तिचा हट्ट होता.

"त्यांना विचारते," ती म्हणाली आणि बाजूला जाऊन फोन लावला. मनातून तिला आशा होती की तो रागावेल, माझ्या टायरला हात लावू नकोस म्हणेल.

"कुठला टायर?" त्याने विचारलं.

"मागचा. एकशे चाळीसचा. तू हौसेनं टाकलेला."

"असेल. आठवत नाही गं. बसेल तो टाक ना. गाडी आता तुझीच आहे."

तो गोडच बोलला होता. कामाची घाई आहे म्हणून त्याने फोन ठेवला. चार वर्षं तिने ज्याची वाट पाहिली, त्याच्या मनात ही गाडी नव्हती, आणि मागच्या सीटवरची ती तरी होती की नाही, कोण जाणे. तिला त्याची फार आठवण आली.

"स्टिकरवरचाच टाका," परत येऊन ती म्हणाली.

"पी पुरे झाला. ताशी दीडशेपर्यंत चालतो, आणि एकसष्ट म्हणजे अडीचशे किलोच्या वर वजन पेलतो. तुम्हाला काय कमी आहे?"

काकांनी नवा टायर बसवला, चाक फिरवून पाहिलं. कुठेच घासत नव्हतं. मग हवेची नळी लावत त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "हवा एकट्याची भरू की दोघांची?"

तिने मागच्या सीटकडे पाहिलं.

"एकटीची भरा, काका."