बाहेरच्या दिवसांतला निळा रंग

आमच्या घरात देव दोन. एक देव्हाऱ्यातला आणि दुसरा सासूबाईंचा हट्ट. दुसराच जास्त कडक!

विमला माझी धाकटी जाऊ. नवरा सत्यवान मुंबईला कचेरीत, आणि ही इथे खाडीकाठी आमच्यात. लग्नानंतर वर्षभरात तिला मधुमेह निघाला. रोज मांडीत इन्सुलिनची सुई. सत्यवानाने मुंबईहून लघवी तपासायची काचेची नळी आणि औषधाची निळी बाटली आणून दिली होती. चमचाभर निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून दिव्यावर उकळायचे. निळेच राहिले तर लघवीत साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी असे चढत विटकरी झाले, की साखर फार.

पाळी जवळ आली की नळी विटकरी. दर महिन्याला. विमला रडायची, "वैनी, मी काय्येक खावक नाय गो!" खरेच खाल्लेले नसायचे. डॉक्टरांनी सांगून ठेवले होते तसे विटकरी दिसले की ती इन्सुलिन थोडे वाढवून घ्यायची.

आणि मग पाळी यायची, विमला मागच्या पडवीत बसायची, आणि नळी कपाटात. बाहेर बसलेलीची लघवी घरात उकळायची? सासूबाईंनी मला खाल्ले असते. म्हणजे त्याच दिवसांत तपासणी बंद आणि सुई मात्र वाढवलेलीच. दोनदा विमला त्या पडवीत घामाने भिजली, उगाच हसली, कुणालाच ओळखेना. सासूबाई म्हणाल्या, बाहेरची बाधा. गावचा मांत्रिक धोंडू घाडी येऊन अंगारा लांबूनच फेकून गेला. 

मालवणला डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "पाळीआधी अंगातले काही स्राव इन्सुलिनला जुमानत नाहीत, साखर चढते. सगळ्या बायकांना होते असे नाही, हिला होते. पाळी सुरू झाली की ते स्राव उतरतात. मग वाढवलेले इन्सुलिन जड होते, साखर एकदम खाली जाते, घाम सुटून शुद्ध हरपते. त्या दिवसांत तर रोज तपासा आणि निळे दिसले की कमी करा. जेवण लांबवू नका. शुद्ध गेली तर कुशीवर वळवून गालाच्या आत गोड चोळा, घशात ओतू नका."

घरी येऊन सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "डागदराक देव आसा काय?" झाले! पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्या पाळीला मी नळी पदराखाली लपवून मागे नेली. गवताआड उकळली. निळी. नितळ निळी. आणि विमलाने सुई तर आधीच घेतली होती, तीही वाढवलेली. मी धावत स्वयंपाकघरात गेले.

"आये, विमलाचा ताट आधी वाढा."

"नैवेद्य होवंदे. भायरच्याक आधी ताट? खुळी झालंस?"

त्या दिवशी कुळाचार, पुजारी उशिरा आला. ताट घेऊन मी पडवीत पोचले तेव्हा विमला आडवी होती, दात आवळलेले, डोळे पांढरे. सासूबाईंनी धोंडूला हाक मारली. तो अंगणातूनच अंगारा फेकत ओरडला, "हात लावू नको गो तिका! तुका धरतला!"

"माका धरूंदे मेल्या!" म्हणत मी काकवीची बरणी घेऊन बसले. तिला कुशीवर वळवले, बोट बुडवून गालाच्या आत चोळत राहिले. किती वेळ कोण जाणे. तिचे ओठ हलले तेव्हा मी भोकाड पसरले. नीट गिळायला लागल्यावर साखरपाणी दिले.

सासूबाईंना आनंद झाला. खोटे कशाला सांगू, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होते. पण त्यांनी हात जोडले ते धोंडूला. अंगाऱ्याने उतरली म्हणाल्या. मग गवताआड सापडलेली नळी बाटलीसकट उकिरड्यावर आपटून फोडली. मी घर बाटवले होते ना! आणि हुकूम सुटला, की यापुढे विमला बाहेर बसली की स्वयंपाकघराला कुलूप आणि किल्ली त्यांच्या कनवटीला.

सत्यवानाला नवी नळी पाठवायला कळवले. ती यायच्या आत पाळी आली.

सकाळी मी सगळ्यांदेखत जाऊन विमलाला मिठी मारली. "आता मीय भायर," म्हटले. सासूबाईंनी कपाळ बडवले. मी चटईवर बसले, ओटीत गुळाचा खडा होता, स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप.

विमलाने सुईत औषध भरायला घेतले. बिचारीला वाटले, मला सगळे कळते.

"वैनी, किती घेव?"

जास्त घेतले तर ती परत तशी पडणार. घेतलेच नाही, तर डॉक्टर म्हणाले होते, साखर चढत जाऊन तिचे रक्त विषारी होईल. मधला आकडा नळीच सांगणार होती.

"कमी घे," मी म्हटले.

"किती कमी?"

मी तिच्या कपाळाकडे बघत बसले, घाम येतो का ते.