न संपलेलं सिलिंडर

अनंतराव जोगळेकरांचं सिलिंडर कधी संपणार, हे ते आठवडाभर आधी सांगत, आणि मेलं ते त्याच सुमाराला संपतही असे. घरात सिलिंडर एकच. दुसरं घेणं म्हणजे आपल्या अंदाजावर अविश्वास दाखवणं, असं त्यांचं ठाम मत. पाटबंधारे खात्यात उभा जन्म आकडेमोडीत गेला, तेव्हा सवय सुटायची कशी? मागच्या पाच-सहा सिलिंडरांच्या तारखा घ्यायच्या, दोन तारखांमधल्या दिवसांची सरासरी काढायची, लेक वल्लरी माहेरपणाला आली तर चार दिवस वजा, आपण गावाला गेलो तर तेवढे मिळवायचे. ते आणि नीरजाबाई, राजाराणीचा संसार, सिलिंडर दोन महिन्यांना एक. संपायच्या आधी नंबर लावायचा, की शेवटचा चहा जुन्यावर आणि पुढचा नव्यावर.

या खेपेचं सिलिंडर लागलं होतं गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. पाहुणा नाही, प्रवास नाही. हिशेब एकदम सरळ. मे सरत आला तसा अनंतरावांनी नंबर लावला, आणि सकाळी गॅसवाला सूरज नवं सिलिंडर खांद्यावर घेऊन कसब्यातला त्यांचा जिना चढून आला.

"काढून ठेवलंय," अनंतराव ऐटीत म्हणाले. "किलोभर असेल नसेल तळाला. जा घेऊन."

सूरजने जुनं सिलिंडर उचललं आणि तसंच खाली ठेवलं. "काका, चेष्टा करता काय? निम्म्याच्या वर भरलंय हे."

"वाटतं तसं. काट्याला लाव."

सूरजने काटा अडकवला. साडेतेवीस किलो. सिलिंडरच्या कड्याजवळ रिकाम्याचं वजन रंगवलेलं होतं, सव्वापंधरा. म्हणजे आत सव्वाआठ किलो गॅस! चौदा किलो दोनशे ग्रॅममधला जेमतेम सहा किलो जळला होता.

"राहू दे काका, संपलं की पुन्हा लावा नंबर," असं म्हणून सूरज भरलेलं सिलिंडर घेऊन परत गेला. अनंतराव तिथेच दारात उभे राहिले, तोंडाचा आ करून.

गळती झाली असती तर लवकर संपलं असतं. कमी भरून दिलं असतं, तरीही लवकर. उरलं कसं? गॅस उरतो तो एकाच कारणाने. चूल पेटत नाही म्हणून.

आपलं ताट तर रोज वाढलेलं असतं. वाचनालयातून साडेबाराला घरी यावं, तर पोळी, भाजी, आमटी, भात, सगळं तयार. मग नीरजा? "तुम्ही घ्या, मी बसते मागून," हे तिचं नेहमीचंच. ती बसते का मागून? हल्ली तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. अरे देवा! बाई एकट्या नवऱ्यापुरतं रांधते आहे. काहीतरी दुखणं लपवते आहे. तिच्या आईचंही असंच झालं होतं, अन्न जाईना, आणि कळलं तेव्हा फार उशीर झालेला.

नीरजाबाई मंडईतून आल्या, तर नवरा स्वयंपाकघरात सिलिंडरशेजारी पाटावर बसलेला, चेहरा पांढराफटक.

"नीरजा, खरं सांग. तू जेवतेस ना? तुला काय झालंय? आपण आजच डॉक्टरांकडे जाऊ."

"मला? अहो, मला काय धाड भरलीय!"

"मग हा गॅस का उरला?"

नीरजाबाईंनी सिलिंडरकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पिशवी शांतपणे ओट्यावर ठेवली.

"बारा वाजता द्वारकाचा डबा येतो. पलीकडच्या बोळात तिचं पोळीभाजी केंद्र आहे ना, तिचा. दोन्ही वेळचा. मी फक्त चहा करते, दूध तापवते आणि रात्रीचं गरम करते. पाडव्यापासून."

"पाडव्यापासून? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही निवृत्त झालात तेव्हा सत्कार झाला, शाल मिळाली. मी पाडव्याला झाले, गुपचूप. म्हटलं, पहिल्या घासाला ओळखाल. ओळखलंत की सांगू, दमले हो मी. दुसऱ्या दिवशी वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी पाहिली."

अनंतराव पाटावरून उठले. ती आजारी नाही, याने जिवात जीव आला होता. पण तो नीट येतोय न येतोय तोच हे! "अगं, पण मी... मी एकदा म्हणालो होतो ना, आज आमटी फक्कड झालीय म्हणून? बोललो होतो की नाही?"

"बोललात ना," नीरजाबाई म्हणाल्या. "अडतीस वर्षांत पहिल्यांदा. तो द्वारकाच्या डब्याचा पहिला दिवस होता."