कोरे राहिलेले प्रश्न

श्रीवर्धनच्या अभ्यासिकेत पूनमने पोलीस भरतीच्या सहा सराव परीक्षांचा तक्ता पुन्हा मांडला. गणितात सर्वांत कमी गुण, म्हणून दोन महिने ती रोज पाच तास गणितच घोटत होती. आज तिने चुकलेले आणि सोडलेले प्रश्न पहिल्यांदा वेगळे मोजले. गणितात चुका मोजक्याच होत्या. गणित शेवटी घेतल्याने वेळ संपून दरवेळी दहा-बारा प्रश्न कोरे राहिले होते. खऱ्या चुका मराठी व्याकरणात होत्या, समासात आणि प्रयोगात.

"मग गणित आधी सोडव की," शेजारची मृणाली म्हणाली.

"सोडवेन गं! पण व्याकरण कधी करू? परीक्षा परवा हाय."

व्याकरणाचं पुस्तक तिने उघडलं. त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.