टाचा उंचावलेली ई

माझी नणंद चिमणी म्हणून ओळखली जायची, ती बारीक अंगकाठीमुळे. जीभ मात्र कावळ्याची. तिला भिंती रंगवायच्या होत्या, त्याही गुबगुबीत, एकमेकांच्या गळ्यात हात घातलेल्या अक्षरांनी. आमचे मामंजी पाट्या रंगवणारे, सरळ अक्षरांचे भक्त. त्यांना हे म्हणजे अक्षरांना गोवर उठल्यासारखं वाटे.

"अहो बाबा, लॉन्ड्रीवाल्या बाईंनी मला विचारलंय. अख्खी बाजूची भिंत!"

"मग रंगव. रस्त्यापलीकडे बसथांब्यावर उभा राहून, चष्म्याशिवाय मला एका दमात वाचता आलं, तर पुढची भिंत तुझी आणि शिडी मी धरीन. नाही आलं, तर गप दुकानात पाट्यांचे पत्रे घासायचे."

शब्द होता 'धुलाईघर'. चिमणीनं कागदावर चौकोन आखून चित्र केलं होतं. कुठलं अक्षर पुढे, कुठलं मागे, धचा उकार लाच्या पोटाखाली कसा शिरेल, सगळं ठरलेलं. ध मात्र तिनं जपून काढला होता. डोक्यावरची रेघ डावीकडे मोडून ठेवायची, नाहीतर त्याचा घ होतो, आणि एका शब्दात दोन घ म्हणजे बाईंनी आमचंच धुणं काढलं असतं.

कागदावरचा एक चौकोन म्हणजे भिंतीवर दोन वीत, असं मोजलं. मामंजी आयुष्यभर वितेनंच मोजत आले. टेप त्यांच्या लेखी आळशांचं काम. चिमणीनं वीत वीत टाकत भिंत मोजली, चित्र बरोब्बर बसत होतं.

"वहिनी, तू उजवीकडून चौकोन आख, मी डावीकडून. मधे भेटू."

आता माझा पंजा म्हणजे सुपाएवढा. सासरी आले तेव्हा बांगड्यांचं माप घेणाराही दचकला होता. पण त्या सकाळी दोघींच्या डोक्यात हे आलं नाही. मी खडूनं चौकोन आखले, चित्रात बघून घ आणि र ऐसपैस काढले. चिमणीनं धु आणि ला आखून उत्साहात निळा रंगही भरून टाकला. मग दोघी मधल्या ईकडे वळलो.

ईला जागाच नव्हती. एका मांजराला झोपता येईल, एवढी फट. वर माझी शिरोरेघ तिच्या रेघेपेक्षा हातभर उंच!

चिमणीनं माझा हात धरून आपल्या पंजाला लावला. तिची बोटं माझ्या पेरांपाशी संपली.

"वहिनी, हा हात आहे की वल्हं?"

"तुझा हात चमचा आहे, त्याला मी काय करू?"

"पुसूया तुझं."

"पूस. मग पुन्हा चौकोन, पुन्हा घ, पुन्हा र, आणि संध्याकाळपर्यंत भिंतीचा अर्धा तुकडा कोराच. बाईंना सांग, वाळत घालायला ठेवलाय."

ती रडवेली झाली. संध्याकाळी मामंजी बसथांब्यावर येणार होते. रस्ता ओलांडून ती तिथं जाऊन उभी राहिली. जवळून नाक घासत बसलं की भिंत दिसत नाही, नुसता रंग दिसतो. बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं आणि पळत आली.

"ईला जिना करू!"

तिनं ई अरुंद आणि उंच काढली. डोक्यावरची रेघ तिरकी, डावीकडे लाच्या रेघेला, उजवीकडे घच्या रेघेला चिकटलेली. ईची कड लाच्या दांड्यामागे गेली, पोट घच्या पुढे आलं. जे मागे, त्याची रेघ तिथंच थांबवायची, दोन्ही ओढल्या तर जाळं होतं. मी मग उरलेल्यांत रंग भरला. सगळं भरून झाल्यावर तिनं एकाच जाडीची काळी कड फिरवली आणि सावली प्रत्येक अक्षराला उजवीकडे खाली, एकाच दिशेला दिली. लहानमोठी अक्षरं त्या कडेनं एका घरची झाली. र जणू सगळ्यांना ओढत पुढे निघालेला.

मामंजी आले. चष्मा काढून खिशात ठेवला. आम्ही दोघी बसथांब्यावर त्यांच्या शेजारी.

"धुलाईघर," ते एका दमात म्हणाले. मग थांबून, "ही ई का गं टाचा उंचावून उभी?"

"शेजारचे उंच आहेत ना, बाबा."

ते भिंतीपाशी गेले, घवर वीत टाकली, लावर वीत टाकली आणि माझ्या हाताकडे बघितलं. मी पदराखाली हात लपवला. मामंजी इतके हसले, की लॉन्ड्रीवाल्या बाई इस्त्री ठेवून बाहेर आल्या.

"बघा ना," बाई म्हणाल्या, "अक्षरं चढत चाललीत. धंदा असाच चढो!"

"चढणारच," चिमणी म्हणाली, जणू पहिल्यापासून ठरलेलंच होतं.

पुढच्या आठवड्यात लॉन्ड्रीशेजारच्या गॅरेजची भिंत मिळाली. मामंजींनी शब्द पाळला, शिडी धरली. पण धरून गप्प बसतील तर ते मामंजी कसले?

"डावीकडे झुकलंय गं."

"नाही झुकलं."

"उकार जाड झालाय."

चिमणी वरून म्हणाली, "बाबा, जवळून दिसत नाही. तुम्ही बसथांब्यावर जाऊन उभे राहा."

"आणि शिडी?"

"वहिनी धरेल. तिचा पंजा मोठा आहे."

आणि इतकी वर्षं पाट्या रंगवत आलेले आमचे मामंजी निमूटपणे रस्ता ओलांडून गेले.